तेरीज जुळली, हिशेब चुकला
(लेखमाला : वहीखात्याची ओळख, भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण खतावणी पूर्ण केली. सगळी खाती पानापानांवर पडली, प्रत्येकाची शिल्लक निघाली. आता त्या शिलका एका कागदावर उतरवायच्या, नावे बाकी डावीकडे, जमा बाकी उजवीकडे, आणि खाली बेरीज मारायची. हीच तेरीज. शब्द जुना आहे. मराठी दफ्तरात लांबलचक हिशेबाच्या गोषवाऱ्याला तेरीज म्हणत. इंग्रजी शाळांतून आलेल्या ‘ट्रायल बॅलन्स’ला पाठ्यपुस्तकवाल्यांनी तोच शब्द दिला आणि तो चपखल बसला.

आजचं उदाहरण तेंदूचं घेऊ. गडचिरोलीत पेसा आणि वनहक्क कायद्याच्या आधारे अनेक ग्रामसभा आता तेंदूपानं स्वतः विकतात. ठेकेदाराची रक्कम थेट ग्रामसभेच्या बँक खात्यात येते आणि तिथूनच मजुरी वाटली जाते. म्हणजे ज्या गावात काल-परवापर्यंत हिशेब म्हणजे मुंशीची वही एवढंच होतं, तिथे आज लाखोंची खतावणी ठेवावी लागते. खालची ग्रामसभा कल्पित आहे आणि दरही बेरजेच्या सोयीसाठी गोल धरले आहेत. पण रचना धानोरा तालुक्यातल्या कोणत्याही गावात सापडेल अशीच आहे.

सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. ठेकेदाराचा दर गोणीला ८,००० रुपये धरू. त्यातून तोडणाऱ्यांना शंभर पुड्यांमागे ४०० रुपये मजुरी, म्हणजे गोणीमागे ४,०००. हंगाम संपला, मुंशीने वह्या दिल्या आणि सचिवाने ही तेरीज मांडली :

| खाते | नावे (रु.) | जमा (रु.) |
|---|---|---|
| ठेकेदार (येणे) | ३,००,००० | |
| बँक | १,४५,००० | |
| संकलन मजुरी | ४,००,००० | |
| हंगाम खर्च व दुरुस्ती | ७५,००० | |
| तेंदूपाने विक्री | | ८,००,००० |
| तोडणाऱ्यांची देणी | | २०,००० |
| ग्रामकोष (आरंभीची शिल्लक) | | १,००,००० |
| एकूण | ९,२०,००० | ९,२०,००० |

दोन्हीकडे नऊ लाख वीस हजार. सचिवाने सुटकेचा श्वास सोडला, तो बरोबरच आहे, कारण तेरीज न जुळणं म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. पण या कागदात चार चुका आहेत. वर पुन्हा बघा. कागद पाहून त्यातली एकही दिसणार नाही, कारण तो त्यासाठी बनलेलाच नाही.

तेरीज एकच गोष्ट तपासते. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी पडतो, एका खात्याला नावे, दुसऱ्याला जमा, रक्कम तीच. तेव्हा सगळ्या नावे बाक्यांची बेरीज सगळ्या जमा बाक्यांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या लुका पाचोलीच्या गणिताच्या ग्रंथातही हा ताळा सांगितलेला आहे. एक बाजू लिहायची राहिली, नावेची रक्कम चुकून जमेत गेली, कीर्दीत ५,४०० असताना खतावणीच्या एका पानावर ४,५०० पडले किंवा खात्याची बेरीज चुकली, तर तेरीज लगेच ओरडते. शिवाय ती शोधाची दिशाही दाखवते. फरकाला दोनाने भाग द्या आणि ती रक्कम एखाद्या चुकीच्या बाजूला पडली आहे का पाहा. फरक नऊने भागला गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता. वरच्या ५,४०० आणि ४,५०० मध्ये फरक ९०० चा, आणि तो नऊने भागला जातो. जुने मुनीम हे हाताच्या बोटांवर करायचे. आजचे काही लोक फरक सरळ उचंत खात्यात टाकतात आणि तेरीज जुळवतात. तो आजार झाकणं झालं.

म्हणजे तेरीज विचारते, दोन बाजू समान आहेत का. व्यवहार खरोखर झाला का, कोणाबरोबर झाला, किती रकमेचा आणि कोणत्या दिशेने, हे तिला विचारताच येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना सारखीच बसणारी चूक तिच्या हातून निसटते.

पहिली चूक ठेकेदाराची. त्याने शेवटच्या हप्त्याचे ५०,००० भरले. नोंद बँक नावे, ठेकेदार जमा अशी हवी होती. सचिवाने उलट केली, बँक जमा, ठेकेदार नावे, जणू ग्रामसभेनेच त्याला पैसे दिले. दोन्ही बाजू उलट्या, पण दोन्ही सारख्या उलट्या. परिणाम दुप्पट होतो, हे इथे नीट लक्षात घ्या. पन्नास हजार बँकेत वाढायला हवे होते, ते वाढले नाहीत, उलट पन्नास हजार कमी झाले. म्हणून वहीत बँक १,४५,०००, खरी २,४५,०००. ठेकेदाराचं येणं तसंच एक लाखाने फुगलं. तेरजेला फरक नाही, पण ठेकेदाराला वसुलीची नोटीस गेली तर भांडण होईल. ही चूक सापडते ती पासबुकात. इतर किरकोळ फरक बाजूला काढले की बँकेचा आकडा वहीपेक्षा बरोबर एक लाखाने जास्त निघतो, आणि फरकाच्या निम्म्याची नोंद शोधली की उलटा झालेला व्यवहार समोर येतो. ज्या सचिवाला पासबुकाशी ताळा घालायची सवय आहे, त्याला ही चूक महिन्याच्या आतच कळते.

दुसरी चूक मला सगळ्यात वाईट वाटते, कारण तिच्यात कोणी काहीच चुकीचं लिहिलेलं नाही. काही लिहिलेलंच नाही. शेवटच्या दिवशीचे ५,००० पुडे, म्हणजे पाच गोण्या. मुंशीच्या वहीचं ते पान सचिवापर्यंत आलंच नाही. विक्रीचे ४०,००० नाहीत, मजुरीचे २०,००० नाहीत. दोन्ही बाजूंना शून्य आणि शून्याला शून्य जुळतंच. तेरीज समोर ठेवून रात्रभर बसलात तरी ती त्या पाच गोण्या दाखवणार नाही, कारण तिच्या दृष्टीने त्या कधी अस्तित्वातच नव्हत्या. इथे पैशांच्या वहीबाहेर जावं लागतं. विक्री ८,००,००० भागिले ८,००० म्हणजे शंभर गोण्या. ज्या ग्रामसभा वाहतूक परवाना स्वतः देतात, त्यांच्याकडे परवान्याच्या स्थळप्रती असतात. तिथे ट्रकमध्ये भरलेला माल १०५ गोण्या निघाला. तेंदू संकलनाच्या फळीवरच्या नोंदवहीतही १०५ च. पैशाचा हिशेब आणि मालाचा हिशेब वेगवेगळ्या हातांत असण्याचा फायदा हाच. लेखा-मेंढा ग्रामसभेला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक देण्यात आलं, तेव्हा बातमी हक्काची झाली, आणि ती होतीच. पण हिशेबनीसाच्या नजरेने त्या पुस्तकातला स्थळप्रतींचा गठ्ठाही मोलाचा, कारण वहीला बाहेरून उलटतपासणी करणारा तो साक्षीदार असतो.

तिसरी चूक संगणक आणि प्रिंटरची. ४५,००० रुपयांचा हा माल ‘हंगाम खर्च व दुरुस्ती’त गेला. बाकी आकडा बरोबर, बाजू बरोबर, तारीखही बरोबर. फक्त खातं चुकीच्या जातीचं. संगणक काही वर्षं टिकणारी मालमत्ता आहे, त्यामुळे तो ताळेबंदात मालमत्ता म्हणून यायला हवा. खर्चात टाकला की या हंगामाचं शिल्लक उत्पन्न ४५,०००ने कमी दिसतं. ही समजुतीची चूक आहे. ती शोधायला बिलं वाचावी लागतात आणि बिलावर काय घेतलं हे पाहून विचार करावा लागतो.

चौथी चूक रकमेने सगळ्यात लहान. एका दिवशी १४ क्रमांकाच्या कार्डवरचे ७०० पुडे ४१ क्रमांकाच्या नावावर पडले. दोघीही मडावी. आमच्याकडे एकाच गावात मडावी, आत्राम, पोटावी या आडनावांची घरं शेजारीशेजारी असतात, त्यात १४ आणि ४१ म्हणजे गोंधळाला आमंत्रणच. दोन हजार आठशे रुपये एकीच्या देण्यातून दुसरीच्या देण्यात गेले. तोडणाऱ्यांच्या देण्यांची बेरीज तीच राहिली, आणि तेरजेत तर बेरीजच येते. ४१ क्रमांकाची बाई जास्त पैसे आले म्हणून उठून सांगेल असं धरून चालता येत नाही. तिने कार्ड नीट पाहिलं नसेल, किंवा पाहिलंही असेल. ही चूक सापडायचं ठिकाण म्हणजे ग्रामसभेची बैठक. कार्ड क्रमांक, पुडे आणि रक्कम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जाते, आणि जिच्या हातात स्वतःचं कार्ड आहे ती ऐकते. उन्हात सत्तर-सत्तर पानं जुळवून पुडे बांधणाऱ्या बाईला आपण किती दिले ते मुंशीपेक्षा नीट आठवतं, हा माझा अनुभव आहे.

याशिवाय एकमेकींना झाकणाऱ्या चुका असतात. मजुरीच्या खात्याची बेरीज हजाराने जास्त आणि विक्रीची बेरीजही हजाराने जास्त, म्हणजे फरक शून्य. हाताच्या खतावणीत त्या घडतात, पण योगायोगाने, म्हणून त्यांच्यावर जास्त वेळ घालवत नाही.

हाताची खतावणी आता कमी होत चालली आहे, तेव्हा संगणकाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. टॅलीसारखं सॉफ्टवेअर नावे-जमा समान नसलेली नोंद स्वीकारतच नाही. त्यामुळे तिथली तेरीज जुळतेच. न जुळण्याचा एक रस्ता उरतो, आरंभीच्या शिलका चुकीच्या भरणं, आणि तेव्हा पडद्यावर ‘Difference in opening balances’ अशी ओळ येते. म्हणजे हाताने सापडणाऱ्या चुका यंत्राने घडूच दिल्या नाहीत, आणि वरच्या चारही चुका मात्र जशाच्या तशा होऊ शकतात. संगणकावरची जुळलेली तेरीज दाखवून कोणी ‘हिशेब बरोबर आहे’ म्हणाला, तर त्याला परवान्याच्या स्थळप्रती मागा. सत्यम कंपनीच्या बी. रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात ५,०४० कोटींची रोकड व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचं कबूल केलं. तिथे खोट्या नोंदींच्या दोन्ही बाजू व्यवस्थित लिहिलेल्या होत्या, त्यामुळे आकडे जुळण्याला अडचण आली नाही. बँकेकडे थेट विचारलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

आता दुरुस्त तेरीज मांडू. ठेकेदार २,४०,०००, बँक २,४५,०००, मजुरी ४,२०,०००, हंगाम खर्च ३०,०००, संगणक ४५,०००. दुसरीकडे विक्री ८,४०,०००, तोडणाऱ्यांची देणी ४०,०००, ग्रामकोष १,००,०००. बेरीज दोन्हीकडे ९,८०,०००. आधीही जुळत होती, आताही जुळते. फरक एवढाच की हंगामाचं शिल्लक उत्पन्न ३,२५,००० नव्हतं, ३,९०,००० होतं, आणि तोडणाऱ्यांचं २०,००० नव्हे, ४०,००० देणं बाकी होतं.

पुढच्या आठवड्यात पासबुक घेऊन बसू. वहीत बँकेची बाकी दोन लाख पंचेचाळीस हजार आहे, पासबुकात दोन लाख एकावन्न हजार दोनशे. हे सहा हजार दोनशे कुठून आले, ते खुणा करत करत शोधायचं आहे.