तीनशे साठ रुपये कुणाचे?

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळची एखादी डेअरी डोळ्यांसमोर आणा. अर्धा किलो श्रीखंडाचा डबा 180 रुपये. फोनवरून घेतलेल्या ऑर्डरींच्या वहीत दोन-दोन डब्यांच्या तीन नोंदी, म्हणजे 360 हा आकडा तीनदा. 6 वाजून 42 मिनिटांनी मालकाचा फोन वाजतो: 360 रुपये जमा. काउंटरपुढे एक आजोबा आणि एक तरुण, दोघंही म्हणतात, "आमचंच ते."

मेसेजात नाव आहे, पण ते वहीत नाही. आजोबांचे पैसे नाशिकहून लेकीने पाठवलेत आणि नाव तिच्या सासरचं. तरुणाच्या फोनवर हिरवी खूण दिसते, पण ती बघून डबा द्यायचा नसतो. हुबेहूब तशी खूण दाखवणारी नकली ॲप्स आहेत, कालचा स्क्रीनशॉटही आज चालवून पाहणारे आहेत.

अशा वेळी कामाला येतो तो बारा आकडी संदर्भ क्रमांक. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला तो मिळतो आणि पैसे देणाऱ्याच्या ॲपमध्ये व घेणाऱ्याच्या बँकेच्या नोंदीत तोच असतो. ॲपमध्ये तो बहुधा UTR किंवा UPI Ref No. या नावाने सापडतो. मालकाने मात्र आपल्या मेसेजातला आकडा आधी बोलून दाखवायचा नाही. "शेवटचे चार आकडे सांगा," एवढंच विचारायचं. तरुण सांगतो 9052. आजोबा लेकीला फोन लावतात, ती वाचते 4417. मेसेजातही 4417. आजोबांना डबे मिळतात, त्यांच्या नोंदीपुढे 4417 लिहून ओळ खोडली जाते. नाहीतर तोच मेसेज घाईत दुसऱ्याही गिऱ्हाइकाला लागू पडायचा.

तरुण हिरमुसतो. पण 6 वाजून 49 मिनिटांनी दुसरा मेसेज येतो: 360 रुपये, शेवटी 9052. तो खोटं बोलत नव्हता. पैसे आणि मेसेज वेगवेगळ्या वाटांनी येतात. गर्दीच्या वेळी पैसे खात्यात पडलेले असतात, मेसेज मागे रेंगाळतो. काही बँका तर छोट्या रकमांचे मेसेज पाठवतच नाहीत. म्हणून मेसेज नाही म्हणजे पैसे नाहीत, असं धरू नये. बँकेच्या ॲपमधली जमा नोंद उघडून पाहावी.

उलट, मेसेज आला म्हणजे पैसे आले असंही नाही. खोटा मेसेज बऱ्याचदा साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून येतो. खऱ्याच्या डोक्यावर बँकेचं इंग्रजी अक्षरांतलं लघुनाव असतं. मेसेजात शिल्लक दिली असेल तर आधीच्या शिलकेत 360 मिळवून बघावेत. बनावट मेसेजची बेरीज अनेकदा इथेच चुकते.

गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले आणि दुकानात नोंदच नाही, असंही होतं. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार, दुकानदाराला पुष्टी न मिळालेली अशी रक्कम पाच दिवसांच्या आत आपोआप परत जायला हवी. तोवर गिऱ्हाइकाने रोख देऊन डबे नेले, तर वहीतल्या ओळीपुढे 'रोख' लिहून ऑनलाइनचे शेवटचे चार आकडेही टिपून ठेवावेत. उद्या ती रक्कम उशिरा जमा झालीच, तर कुणाचे 360 परत करायचे ते लगेच कळतं.