पडद्याचे छायाचित्र आणि त्यावरील पट्टे

अकोट किंवा दर्यापूर तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायत सदस्याने कापूस खरेदीसंबंधीची इंग्रजी सूचना संगणकाच्या पडद्यावर पाहिली, मोबाईलने तिचे छायाचित्र घेतले आणि गावी जाऊन मोबाईलवरच तिचे मराठी भाषांतर करून पाहिले, असे समजू या. छायाचित्रावर इंद्रधनुष्यी रंगांचे नागमोडी पट्टे उमटलेले असतात. सूचनेत कापसाच्या ओलाव्याविषयी `8% to 12%` असे लिहिलेले असते. परंतु नेमका पट्टा आकड्यावर आल्याने १२ च्या जागी १७ वाचला जातो. भाषांतर मात्र अस्खलित मराठीत येते. १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस हमीभावाच्या खरेदीत नाकारला जातो. म्हणून या एका आकड्याच्या भरवशावर गाडी भरून नेणाऱ्या शेतकऱ्याची फेरी वाया जाऊ शकते.

मोबाईल प्रथम चित्रातील अक्षरे ओळखतो आणि नंतर त्यांचे भाषांतर करतो. चूक पहिल्या टप्प्यात होते, पण दुसऱ्या टप्प्यातील सुघड वाक्यामुळे ती झाकली जाते. त्यामुळे दुरुस्ती छायाचित्र घेतानाच व्हावयास हवी.

पट्टे का उमटतात?

मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की त्यांत लाटांसारखी नक्षी दिसते. ती कोणत्याही एका पदरात नसते. दोन जाळ्यांच्या विणीतील अंतर थोडे निराळे असल्याने ती निर्माण होते. पडदा हीदेखील बारीक ठिपक्यांची जाळी आहे आणि कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी तशीच दुसरी जाळी असते.

अनेक साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर आडव्या ओळीत १,३६६ ठिपके असतात. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे सुमारे ४,००० ठिपके असतात. संपूर्ण पडदा चौकटीत घेतला, तर पडद्याच्या एका ठिपक्यास कॅमेऱ्याचे तीनही ठिपके पुरते येत नाहीत. त्यातच कॅमेऱ्याचा तांबडा रंग टिपणारा ठिपका ओळीत एकाआड एक असतो. रंग नीट टिपण्यासाठी किमान चार ठिपके लागतात; ते न मिळाल्याने खोटे रंगीत पट्टे तयार होतात. अर्धाच पडदा चौकटीत घेतला, तर हे प्रमाण जवळजवळ सहावर जाते आणि पट्टे बहुधा नाहीसे होतात.

काळसर, रुंद आणि आडवे पट्टे हा निराळा दोष होय. अनेक पडदे प्रकाश मंद करण्यासाठी दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करतात. कॅमेरा चित्र एकेक ओळ करून टिपतो. दिवा बंद असताना टिपलेल्या ओळी काळ्या येतात. मोबाईल स्थिर धरूनही पट्टे वरखाली सरकताना दिसले, तर हाच दोष समजावा. त्यावर उपाय पडद्याचा उजेड पूर्ण वाढविणे हा आहे.

पुन्हा छायाचित्र कसे घ्यावे?

संगणक हाताळता येत असेल, तर छायाचित्राची गरजच नाही. `Windows + Shift + S` या कळा दाबून पडद्याचीच प्रत घ्यावी. तिच्यात कॅमेऱ्याची जाळी नसल्याने पट्टे येत नाहीत.

ते शक्य नसेल, तर ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांना `Ctrl` धरून `+` दाबण्यास सांगावे, म्हणजे अक्षरे मोठी होतील. भिंग पुसून मोबाईल आडवा व पडद्याला समांतर धरावा आणि पाच-सहा इंचांपर्यंत जवळ न्यावा. मजकूर दोन किंवा तीन भागांत घ्यावा; प्रत्येक भागात मागील भागाची शेवटची ओळ पुन्हा यावी. चित्र धूसर होऊ लागले, तर किंचित मागे यावे. पट्टे राहिलेच, तर अंतर इंचभर बदलावे किंवा मोबाईल थोडा वळवावा. जाळ्यांचा मेळ बदलताच नक्षीही बदलते. मुद्दाम धूसर छायाचित्र घेतल्यानेही पट्टे जातात. परंतु त्याबरोबर दशांशचिन्हही जाते आणि `0.81` हेक्टरचे ८१ होतात.

पडताळणी

मोबाईलच्या लहान पडद्यावर दिसणारे पट्टे कधी मूळ चित्रात नसतात, तर कधी असलेले दिसत नाहीत. म्हणून चित्र मोठे करून पाहावे. व्हॉट्सॲपवर पाठवावयाचे असल्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास त्याचा आकार कमी होतो आणि पट्टे नव्याने उमटू शकतात.

मराठी वाचण्यापूर्वी मोबाईलने ओळखलेला इंग्रजी मजकूर पाहावा आणि त्यातील प्रत्येक आकडा, तारीख व दशांशचिन्ह पडद्याशी ताडून घ्यावे. हे काम संगणकासमोर उभे असतानाच करावे. गावी परतल्यावर ताडण्यास पडदा उरत नाही.