दुष्काळाची तीन दप्तरे



सन १७९१-९२ चा ‘कवट्यांचा दुष्काळ’ दख्खनलाही भोवला. त्या काळी आपल्याकडे पर्जन्यमापक नव्हते. मग पाऊस किती वर्षे हटला, हे कोणास विचारावे? निसर्गाच्या तीन दप्तरांत ही एकच नोंद शोधून पाहू.

पहिले दप्तर बर्फाचे. तिबेटातील दासुओपू हिमनदीवर, सुमारे ७२०० मीटर उंचीवर, लॉनी थॉम्पसन यांच्या तुकडीने १९९७ साली पोकळ नळीने बर्फाचे लांब दंडगोल काढले. तेथे पावसाळ्यातील हिमावर कोरड्या ऋतूतील धुळकट हिम साचते. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. सन १७९० ते १७९६ च्या थरांत धूळ व क्लोराइड नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक आढळले. पाऊस हटला की जमीन उघडी पडते, खारी तळी आटतात, आणि वारा ती माती व ते क्षार हिमालयापर्यंत नेतो. वर्षे अशी नेमकी कळतात. परंतु नाशकात किती पाऊस पडला, हे ती धूळ सांगत नाही.

त्यासाठी झाड जवळचे. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो व पावसाबरोबर वाढू लागतो. वर्तुळाच्या आरंभी मोठी छिद्रे दिसतात. अवर्षणाच्या वर्षी वर्तुळ बहुधा अरुंद राहते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ठाणे भागातील सागाची वर्तुळे याच हेतूने अभ्यासली आहेत. नुसते मोजणे मात्र फसवे असते. किडीने पाने खाल्ली व ती पुन्हा फुटली, तर एकाच वर्षी दोन वर्तुळांचा भास होतो. समजा, चार बुंध्यांवर सालीपासून आत मोजता अठरावे वर्तुळ अरुंद आहे, व पाचव्यावर एकोणिसावे. तर पाचव्यात एक खोटे वर्तुळ असण्याचा संभव आहे. भिंगाने पाहावे: खऱ्या वर्तुळाची कड स्पष्ट असते, खोट्याची पुसट. अरुंद वर्तुळ कीड, वणवा वा दाट सावली यांमुळेही होते, म्हणून एका झाडावर विसंबू नये. शिवाय सव्वादोनशे वर्षांहून जुना साग आता क्वचितच सापडतो.

तिसरे दप्तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या गाळाचे. तेथे सुमारे १० मीटर गाळात अकरा हजार वर्षे सामावली आहेत. भागाकार करून पाहा: एका वर्षाच्या वाट्यास एक मिलिमीटरही येत नाही. सात वर्षांचा दुष्काळ म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर! त्यातच किरणोत्सारी कार्बनाने काढलेल्या वयात काही दशकांची चूक संभवते. तेव्हा १७९० ची नोंद येथे शोधणे व्यर्थ. परंतु सरोवर फार आटले की त्याच्या खाऱ्या पाण्यातून गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक गाळात बसतात. सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीच्या थरांत ते सापडले. सातशे वर्षांचा तो कोरडा काळ सांगण्याइतके जुने झाड आपल्या कोणत्याही रानात नाही.