२४० तासांचं काम दोन आठवड्यांत का होत नाही?

'किती दिवसांत होईल?' या प्रश्नाला लॅबमध्ये साधारण एकच पद्धतीनं उत्तर दिलं जातं. कामाचे एकूण तास घ्यायचे, त्यांना माणसांनी भागायचं, मग आठ तासांनी भागायचं. या गणितात नेमकं काय निसटतं ते आज एका उदाहरणातून बघू.

समजा, मातीच्या नमुन्यांमधले जड धातू मोजायचे आहेत. नमुने दळणं-चाळणं ५० तास, अ‍ॅसिड डायजेशन ९० तास, एएएसवर रीडिंग ४० तास, आकडेमोड आणि रिपोर्ट ६० तास. एकूण २४०. माणसं तीन: एक पीएचडी स्कॉलर, एक प्रोजेक्ट असिस्टंट, एक एमएस्सीची विद्यार्थिनी. तीन माणसं गुणिले आठ तास म्हणजे रोजचे २४ तास, म्हणून दहा दिवस. दोन आठवडे! सर खूश.

आता खरी उपलब्धता मांडू. स्कॉलरचा एक दिवस बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये जातो, उरले चार. त्या दिवसांतही मीटिंग, मेल, ऑर्डरचे कागद, जेवण, चहा वगळून सलग कामाचे पाचच तास धरू. आठवड्याला २० तास. विद्यार्थिनी तीन दिवस येते, रोज चार तास, म्हणजे १२. असिस्टंट अर्धा वेळ दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे, त्यामुळे रोज दोन तास, म्हणजे १०. (अर्ध्या वेळेचे अडीच का नाहीत? कारण एक काम सोडून दुसरं हातात घेताना मधे थोडा वेळ गळतोच.) बेरीज ४२. म्हणजे २४० भागिले ४२, जवळपास पावणेसहा आठवडे.

पण हेही उत्तर कमीच आहे, कारण हा भागाकार गृहीत धरतो की कुठलंही काम कुणीही करू शकतं. इथे एएएस आणि रिपोर्ट फक्त स्कॉलरच करणार आहे, आणि सगळी रीडिंग हातात आल्याशिवाय रिपोर्ट सुरू होत नाही. म्हणून दोन तुकडे करू. रिपोर्टआधीचे १८० तास तिघं मिळून करतील, तयार झालेल्या बॅचेसची रीडिंग स्कॉलर मागोमाग घेत जाईल: १८० भागिले ४२, म्हणजे ४.३ आठवडे. मग रिपोर्टचे ६० तास एकट्या स्कॉलरचे, आठवड्याला २० प्रमाणे तीन आठवडे. एकूण ७.३. शेवटचे तीन आठवडे बाकी दोघं मोकळी असली तरी तारीख एक दिवसही अलीकडे येत नाही. चौथा माणूस घेतला तरी हे तीन आठवडे तसेच राहतात. मधे गणपती आले तर तो आठवडा वेगळा मोजायचा. आणि माती हवेत वाळायला लागणारे दिवस तर या २४० तासांत धरलेलेच नाहीत. तिथे माणसाचे तास लागत नाहीत, पण कॅलेंडर पुढे सरकतं.

इथे एक खाचखळगा आहे. '९० तास' हा आकडा आला कुठून? 'मागच्या वेळी अकरा-बारा दिवस लागले होते, गुणिले आठ' असा आला असेल, तर चहा-मीटिंग त्यात आधीच मोजली गेली आहे. मग पुन्हा रोजचे पाच तास धरणं म्हणजे तीच गळती दोनदा मोजणं. तास निव्वळ कामाचे असतील तरच पाचनं भागा.

तरीही अंदाज कमी पडतो. बुलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी स्वतःचा प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असं सांगितलं होतं. सगळंच बिघडलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे मनातला 'वाईटात वाईट' आकडासुद्धा पुरला नाही. म्हणून मला 'थोडं मार्जिन ठेवू' यापेक्षा मोजणं जास्त भरवशाचं वाटतं.

पहिले दोन आठवडे दोन गोष्टी लिहून ठेवा: प्रत्यक्ष किती तास काम झालं, आणि संपलेल्या कामाला मुळात किती तास धरले होते. आपल्या टीमकडून ८४ तास अपेक्षित होते. समजा ६० तासच काम झालं आणि ६० तासांचंच काम संपलं, तर कामाचा अंदाज बरोबर आहे, माणसांची उपलब्धता चुकली आहे. सरांशी बोलून कुणाचा तरी वेळ सोडवून घ्यावा लागेल. पण ८० तास राबून ६० तासांचंच काम संपलं असेल, तर माणसं पुरेशी आहेत, कामच एक-तृतीयांशानं जास्त निघालं. वरून दोन्ही सारखंच दिसतं: काम मागे पडलंय.

दुसऱ्या स्थितीत दळण-डायजेशनचे उरलेले ८० तास १०७ धरा. २७ तास वाढले, म्हणजे ४२ च्या वेगानं साधारण तीन-सव्वातीन कामाचे दिवस. रिपोर्टच्या ६० तासांना मात्र हा गुणक लावू नका, कारण डायजेशन रेंगाळलं म्हणून लिखाणाबद्दल काहीच कळत नाही. त्यासाठी त्याच स्कॉलरच्या मागच्या रिपोर्टला किती तास लागले होते ते विचारा.