हप्ता वाढला, मुद्दलही वाढले

चिखली-मोशीत घर घेणारा चाकणचा कामगार गृहकर्ज रुपयांतच घेतो. रेपो दर वाढला की त्याचा हप्ता किंवा मुदत वाढते. डॉलर महागला म्हणून कर्जाचा आकडा हलत नाही. पोलंड आणि हंगेरीतल्या लाखो कुटुंबांचे तसे नव्हते. 2008 च्या आसपास त्यांनी घरासाठी स्विस फ्रँकशी बांधलेली कर्जे घेतली. कारण सरळ होते : फ्रँकचा व्याजदर स्थानिक चलनाच्या दरापेक्षा बराच कमी होता.

हिशेबासाठी एक काल्पनिक कर्जदार घेऊ. 2008 च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये एक फ्रँक सुमारे 2 झ्लॉटीला मिळत होता. दोन लाख झ्लॉटींच्या घरासाठी त्याच्या नावावर एक लाख फ्रँक लागले. 4 टक्के दराने 30 वर्षांसाठी हप्ता 477 फ्रँक, म्हणजे सुमारे 955 झ्लॉटी. पगार मात्र झ्लॉटीतच येत होता.

जागतिक मंदीत सुरक्षित म्हणून फ्रँकला मागणी आली आणि तो चढू लागला. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर 2011 मध्ये एका युरोला किमान 1.20 फ्रँक अशी मर्यादा घालून ही चढण रोखली. 15 जानेवारी 2015 रोजी तीच मर्यादा अचानक काढली. फ्रँक 4 झ्लॉटींच्या वर गेला. साडेसहा वर्षे हप्ते भरूनही कर्जदाराकडे सुमारे 87 हजार फ्रँक बाकी होते. 4.1 च्या भावाने ते साडेतीन लाख झ्लॉटींहून अधिक होतात. मूळ कर्ज तर दोन लाखांचे!

हप्त्याला थोडा दिलासा होता. फ्रँकचा व्याजदर शून्याखाली घसरल्याने भाव दुपटीने वाढूनही हप्ता तितका वाढला नाही. मुद्दलाला असा आधार नव्हता, आणि खरा फास तिथेच होता. घर विकूनही कर्ज फिटेना. शिवाय कर्ज देताना बँक आपला खरेदीचा भाव लावी, हप्ता घेताना विक्रीचा. दोन्ही भाव तिच्याच तक्त्यातले. या अटींवरून पोलंडमध्ये खटले झाले. अटी अन्यायकारक ठरून काढल्यावर करार टिकत नसेल तर तो रद्द होऊ शकतो, असे युरोपीय न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2019 रोजी सांगितले. हंगेरीने 2014 मध्येच कायदा करून कर्जे फोरिंटमध्ये वळवली, पण एका फ्रँकला सुमारे 256 फोरिंट या चढ्या भावाने. पुढचा धोका टळला, आधीचा बोजा राहिला.

परदेशी नोकरी करून रुपयांतले कर्ज फेडणाऱ्याच्या बाबतीत हे उलटे होते. 40 हजार रुपयांचा हप्ता डॉलर 45 रुपयांना असताना 889 डॉलरचा, तर 65 रुपयांना असताना 615 डॉलरचा. मात्र जर्मनीत युरोत घर घेऊन, ते कर्ज चालू असतानाच चाकणला परतणाऱ्याची मिळकत रुपयांत येते आणि हप्ता युरोतच राहतो. तेव्हा त्याची गत पोलंडच्या कर्जदारासारखीच होते.