रव्यांना फ्यूअर, किलोंना लेस

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा चालू आहे असं समजा. यंदा गूळ कमी आला, रवेही कमी आले. मराठीत दोन्हीकडे एकच ‘कमी’. इंग्रजीत मात्र गुळाला ‘लेस’ आणि रव्यांना ‘फ्यूअर’, कारण गूळ तोलायचा, रवे मोजायचे. शाळेत शिकवतात तो नियम एवढाच.

आता एक रवा काट्यावर चढवा. तो तीस किलोंचा हवा, भरला अठ्ठावीस. किलो तर मोजता येतात, मग ‘फ्यूअर दॅन थर्टी किलोज’ म्हणायचं का? नाही. इथे ‘लेस दॅन थर्टी किलोज’च बरोबर. काट्यावर तीस सुटे किलो नाहीत, एक वजन आहे. अठ्ठावीसच्या जागी साडेअठ्ठावीसही भरू शकलं असतं. रवे मात्र साडेनऊ येत नाहीत. अंतर, पैसे आणि वेळ यांचंही तसंच. गांधीनगरची कापडपेठ शहरापासून ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’. तिथे दहा वस्तूंची रांग नाही, एक अंतर आहे.

ओळखायची खूण क्रियापदात सापडते. इंग्रज ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक’ म्हणतो, तिथे ‘आर’ वापरत नाही. आकडा अनेकवचनी असला तरी क्रियापद एकवचनी येतं, तिथे ‘लेस’ घ्यावं. दहा हमाल आले तर क्रियापद ‘आर’, म्हणून नेटक्या लेखनात ‘फ्यूअर दॅन टेन’. नियम घोकलेला विद्यार्थी किलोमीटरलाही ‘फ्यूअर’ लावतो, आणि नेमका तिथेच चुकतो.

मुळात हा नियम फार जुना नाही. नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या लेखनात ‘लेस’ शब्दांसारख्या मोजण्याजोग्या गोष्टींबरोबर येतो. तेव्हा त्याची रचना आपल्या ‘शब्दांपैकी कमी’सारखी, षष्ठीची होती. पुढे इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झडले आणि ‘लेस’ थेट अनेकवचनी नामाला जाऊन चिकटलं. 1770 मध्ये इंग्रजीच्या वापराविषयी लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी ‘नो लेस दॅन अ हंड्रेड’पेक्षा ‘नो फ्यूअर’ आपल्याला बरं वाटतं, असं लिहिलं. ती होती एका माणसाची आवड. पुढच्या व्याकरणकारांनी तिचा कायदा केला. बोलणाऱ्यांनी तो सगळाच्या सगळा कधी पाळला नाही, म्हणून ‘वन लेस’, ‘फिफ्टी वर्ड्स ऑर लेस’ अशी ठरीव वाक्यं तगली. उलट बाजूला इंग्रजीचं ‘मोअर’ गूळ आणि रवे दोन्हींना चालतं, तिथे कुणी हटकत नाही.

सुपरमार्केटमधली ‘टेन आयटम्स ऑर लेस’ ही पाटी मात्र किलोमीटरची पळवाट सांगू शकत नाही, कारण टोपलीत खरोखर दहा सुट्या वस्तू असतात. कानाला ती खटकत नाही, पण परीक्षेच्या पेपरात ‘फ्यूअर’च लिहावं. ब्रिटनमधल्या टेस्कोने 2008 मध्ये या वादातून आपली सुटका करून घेतली. नव्या पाट्यांवर लिहिलं, ‘अप टू टेन आयटम्स’.