फेकून द्यायचे नसलेले आकडे

दोन समीकरणांतून एका चलाचा लोप करून दुसरे शोधणे आपण शाळेत शिकलो. समीकरणे शेकडो असली तरी रीत तीच राहते. तिला गाउसची लोप पद्धत म्हणतात. ही पद्धत वापरताना आपण काही आकडे तयार करतो आणि काम झाले की विसरतो. त्रिकोणी विघटन म्हणजे ते आकडे जपून ठेवणे, इतकेच.

ही तीन समीकरणे पाहा:

२x + y + ३z = ७
४x + ३y + ८z = १८
६x + ७y + २२z = ४२

पहिल्याची २ पट दुसऱ्यातून आणि ३ पट तिसऱ्यातून वजा केली की त्या दोन्हींतला x जातो. उरतात y + २z = ४ आणि ४y + १३z = २१. आता यातल्या पहिल्याची ४ पट दुसऱ्यातून वजा केली की ५z = ५. म्हणून z = १, आणि उलट वर चढत गेलो की y = २, x = १.

यात २, ३ आणि ४ हे तीन गुणक वापरले. डाव्या बाजूला उरलेला त्रिकोण (२, १, ३, मग १, २, मग ५) याला U म्हणतात. गुणक आपापल्या जागी मांडून कर्णावर १ लिहिले की खालचा त्रिकोण L मिळतो. L आणि U यांचा गुणाकार केला की सहगुणकांची मूळ सारणी जशीच्या तशी परत येते. गुणक ठेवायला वेगळी जागाही लागत नाही, कारण जिथे शून्य आले तिथेच ते बसतात. लोप पद्धतीकडे असे विघटन म्हणून पाहण्याची मांडणी ॲलन ट्युरिंग यांच्या १९४८च्या निबंधात आहे.

आता उजवी बाजू बदलून ११, २७, ६३ झाली असे समजा. डावीकडे हात लावायची गरज नाही. गुणक घेऊन वरून खाली उतरायचे: पहिला आकडा ११, दुसरा २७ − २×११ = ५, तिसरा ६३ − ३×११ − ४×५ = १०. मग U घेऊन खालून वर चढायचे: ५z = १०, म्हणजे z = २; y = ५ − ४ = १; आणि २x = ११ − १ − ६, म्हणजे x = २.

आता मोजदाद. गुणाकार-भागाकारच धरू, कारण वजाबाक्या जवळपास तेवढ्याच असतात. n समीकरणांच्या विघटनाला (n³ − n)/३ क्रिया लागतात, उतरण्या-चढण्याला मिळून n². तीन समीकरणांत हे ८ आणि ९, एकूण १७. थेट लोप केला तरी १७च! एकदाच उत्तर हवे असेल तर विघटनाने एकही गुणाकार वाचत नाही. ‘एलयू जलद असते’ असे सरसकट सांगणारे हे सांगायला विसरतात.

फरक पडतो तो दुसऱ्या उत्तरापासून. १००० समीकरणांच्या विघटनाला सुमारे ३३ कोटी ३३ लाख क्रिया लागतात, पण पुढच्या प्रत्येक उत्तराला फक्त १० लाख. शंभर उजव्या बाजू असतील तर विघटनाने काम सुमारे ४३ कोटींत आटोपते. दर वेळी नव्याने लोप केला तर ३,३४३ कोटी.

शंभरही बाजू आधीच ठाऊक असतील, तर त्या शेजारीशेजारी मांडून एकाच लोपात काम भागते आणि खर्च तेवढाच येतो. विघटनाची खरी गरज लागते ती पुढची बाजू आधीच्या उत्तरातूनच निघते तेव्हा. भूकंपात इमारत कशी हलेल याचे गणित क्षणाक्षणाने पुढे सरकते. इमारतीचा ताठरपणा, वस्तुमान आणि क्षणांमधले अंतर तेच राहिले तर डावी बाजू बदलत नाही. उजवी मात्र मागच्या क्षणाची हालचाल कळल्याशिवाय लिहिताच येत नाही. (अशा सारण्यांत बहुतेक जागी शून्येच असतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे वरच्यापेक्षा बरेच कमी येतात.) भिंतीला तडा जाऊन ताठरपणा बदलला, की विघटन पुन्हा करावे लागते.

मग सारणीचा व्यस्तच का काढून ठेवू नये? त्याला सुमारे n³ क्रिया लागतात, म्हणजे विघटनाच्या तिप्पट, आणि नंतर प्रत्येक उत्तराला पुन्हा n² आहेतच. तिप्पट मोजून हाती जास्त काहीच येत नाही.

धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. ०.०००१x + y = १ आणि x + y = २ ही जोडी तीनच सार्थ अंक ठेवून सोडवा. गुणक १०,००० येतो, दुसऱ्या समीकरणातले −९९९९ आणि −९९९८ हे दोन्ही आकडे −१०,००० होतात, आणि उत्तर निघते y = १, x = ०. ते दुसऱ्या समीकरणात घालून पाहिले की २ च्या जागी १ येतो आणि चोरी पकडली जाते. खरे x जवळपास १ आहे. ओळींची अदलाबदल करून आधी x + y = २ घेतले, तर गुणक ०.०००१ होतो आणि x = १, y = १ असे तीन अंकांपुरते बरोबर उत्तर मिळते. म्हणून प्रत्येक पायरीला त्या स्तंभातला सर्वांत मोठा सहगुणक वर आणतात. भागायच्या जागी शून्यच आले तर अदलाबदलीवाचून गत्यंतरच नसते. मात्र कोणती ओळ कुठे गेली याची नोंद L आणि U सोबत ठेवावी लागते, आणि नवी उजवी बाजू आली की उतरायला लागण्याआधी तिचे आकडेही त्याच क्रमाने लावून घ्यावे लागतात.